फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड शेवटाकडून वाचा: आरोग्याच्या आणि पैशाच्या थापा शब्दांवरून कशा पकडायच्या

ग्रुपवर आलेला फॉरवर्ड खरा की खोटा हे बघायला बसलं की बहुतेक जण तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात आणि तिथेच गंडतात. पहिल्या ओळीत कॅन्सर असतो, हार्ट अटॅक असतो नाहीतर नोटा बंद होणार असतात, वाचून पोटात गोळा येतो आणि पुढचं सगळं आपण त्याच घाबरलेल्या डोक्याने वाचतो. मग शेवटी "खरं असलं तर? आपलं काय जातंय?" म्हणून पुढे ढकलून मोकळे.

म्हणून ऑर्डर उलटी करायची. आधी शेवट, मग नाव, मग तारीख, मग आकडे आणि विशेषणं, आणि सगळ्यात शेवटी मुख्य दावा. हे सगळं दोन मेसेजवर करून बघू, दोन्ही बहुतेक घरांत येऊन गेलेत: एक म्हणजे गरम नारळपाण्याने कॅन्सर बरा होतो हा, आणि दुसरा एटीएममधून ५०० च्या नोटा बंद होणार हा.

## तयारी: वाचायच्या आधी दोन कामं

१. मेसेज स्वतःकडे ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, तिथे कॉपी करून ठेवा. कारण ग्रुपवर कोणी शंका काढली की पाठवणारा गुपचूप डिलीट करतो आणि मग "तसं नव्हतं हो त्यात" सुरू होतं. मेसेज फोटोच्या रूपात असेल तर गूगल लेन्सने त्यातली अक्षरं कॉपी होतात, हाताने टाइप करत बसू नका.

२. बाणाची खूण बघा. वर एक बाण असेल तर तो फॉरवर्ड आहे एवढंच कळतं. दोन बाण आणि `Forwarded many times` असं असेल तर तो तुमच्यापर्यंत यायच्या आधी निदान पाच हातांतून गेलाय. अशा मेसेजवर एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवायची मर्यादा आहे, म्हणून हौशी मंडळी तो कॉपी करून नव्याने पेस्ट करतात आणि तसं केलं की बाण गायब होतो.

> सावधान: बाण नाही म्हणजे काकांनी स्वतः बसून लिहिलंय असं नाही. आणि दोन बाण आहेत म्हणजे खोटंच आहे असंही नाही. बाण फक्त सांगतो की इथे जरा थांबा.

## टप्पा १: शेपूट वाचा

शेवटच्या दोन-तीन ओळींत मेसेज तुमच्याकडून काय मागतोय ते बघा. खरी माहिती तुम्हाला *करायला* सांगते, म्हणजे अमुक तारखेआधी फॉर्म भरा, लस घ्या, बँकेत जाऊन केवायसी करा. थाप तुम्हाला *पसरवायला* सांगते.

नारळाच्या मेसेजच्या शेवटाचा मतलब असा होता की हे पत्रक मिळालेल्या प्रत्येकाने दहा जणांना पाठवलं तर निदान एकाचा तरी जीव नक्की वाचेल. हे वाक्य जरा नीट बघा. दहाच का? जीव वाचणार तो नारळाने की पाठवण्याने? आणि पाठवलं नाही तर जणू एका माणसाचं पाप आपल्या माथी. वाचणाऱ्याला अपराधी वाटावं म्हणूनच ते वाक्य घातलेलं असतं, आणि त्याचे मराठी भाऊबंद तुम्हाला पाठ असतील:

- "एकाचा जरी जीव वाचला तरी पुण्य लागेल"
- "तुमच्याकडे जेवढे ग्रुप असतील तेवढ्यांवर टाका"
- "जोक्स तर रोजच पाठवता, आज हे पाठवा"
- "जनहितार्थ"
- "जसं आलं तसं पाठवलंय"

शेवटचं मला सगळ्यात खटकतं. पाठवणारा स्वतःच सांगतोय की मी तपासलेलं नाही, तरी आपण ते प्रामाणिकपणा समजून मान हलवतो.

चेक: शेपटातली पसरवायची ओळ काढून टाका आणि उरलेला मेसेज वाचा. तुम्ही नेमकं काय करायचं, कुठे जायचं, कधीपर्यंत, हे त्यात सापडतं का? सापडत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाताना आधीच संशय धरा.

## टप्पा २: नावाचं वजन करा

नाव मोठं असलं की लोक तपासणं थांबवतात, आणि थापा मारणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. नारळाच्या मेसेजमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलचे त्यावेळचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांचं नाव होतं. माणूस खरा, हॉस्पिटल खरं, पद खरं, फक्त वाक्य त्यांचं नाही. २०१९ मध्ये टाटा मेमोरियलने स्वतः जाहीर केलं की डॉ. बडवे असं काही म्हणालेले नाहीत आणि हा मेसेज खोटा आहे. त्यानंतरही तो फिरत राहिला.

इथे लोक चूक काय करतात तर नाव गूगल करतात, डॉक्टर खरंच टाटाचे संचालक होते हे दिसतं आणि म्हणतात "बघा, खरं आहे". अहो, माणूस खरा आहे का हा प्रश्नच नव्हता. तो *हे बोलला का*, कुठे बोलला, कधी बोलला हा प्रश्न आहे. बातमीत "अमुक ठिकाणच्या परिषदेत म्हणाले" असं येतं, फॉरवर्डमध्ये डॉक्टर नुसतेच हवेत बोलत असतात.

नावाचा दुसरा प्रकार म्हणजे बिनचेहऱ्याचा: "अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी", "मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरने", "माझा मित्र बँकेत मॅनेजर आहे त्याने सांगितलं". यात तपासायला काही हातात राहतच नाही.

तिसरा प्रकार जरा अवघड आहे, मोडकं नाव. "इमिटिनेफ मर्सिलेट" नावाच्या औषधाने ब्लड कॅन्सर बरा होतो आणि ते चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये फुकट मिळतं, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. इमॅटिनिब मेसिलेट नावाचं खरं औषध आहे आणि ते ब्लड कॅन्सरच्या एका विशिष्ट प्रकारात वापरतात, पण सरसकट सगळ्यांत नाही. संस्थेने मेसेजमधला दावा नाकारलेला आहे. गंमत अशी की मोडकं नाव जसंच्या तसं सर्च केलं तर तोच फॉरवर्ड पुन्हा पुन्हा समोर येतो आणि माणसाला वाटतं की एवढ्या ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार.

> सावधान: औषधाचं नाव सर्च करताना गूगल "तुम्हाला हे म्हणायचंय का" असं सुचवत असेल तर ते दाबा. किंवा जवळच्या मेडिकलवाल्याला नाव दाखवा, तो एका मिनिटात सांगेल की या नावाचं औषध आहे की नाही.

## टप्पा ३: तारीख शोधा

फॉरवर्डमध्ये वेळ असते पण तारीख नसते. "उद्यापासून", "आज रात्री १२ नंतर", "आत्ताच टीव्हीवर बातमी आली", "कालच डॉक्टरांनी सांगितलं". त्यामुळे तो कधीच शिळा होत नाही, दर वर्षी पावसाळ्यात नव्याने उगवतो.

रक्ताच्या मेसेजमध्ये हे सगळ्यात जास्त नडतं. "अर्जंट, बी निगेटिव्ह पाहिजे, लहान मुलगी आहे", खाली एक मोबाईल नंबर, आणि तारीख नाही. असा मेसेज कधी काळी खराही असू शकतो, पण गरज एका दिवसात संपते आणि तो नंबरवाला बाप नंतर महिनोन्‌महिने अनोळखी लोकांचे फोन घेत बसतो. असा मेसेज आला तर आधी त्या नंबरवर फोन करा, गरज अजून आहे का विचारा, हॉस्पिटल कुठलं ते विचारा, आणि मग पुढे पाठवताना वर आजची तारीख स्वतः लिहा. फोन लागला नाही तर तिथेच थांबा.

चेक: हाच मेसेज पाच वर्षांपूर्वी आला असता तर एक तरी शब्द बदलावा लागला असता का? "नाही" असं उत्तर आलं तर बहुधा तो तेव्हाही आला होता.

## टप्पा ४: "सगळे", "फक्त", "अजिबात नाही" हे शब्द अधोरेखित करा

आता मेसेजच्या पोटात शिरायचं. नारळाच्या मेसेजचा गाभा असा: गरम पाण्यात नारळाचे पातळ काप टाका, पाणी अल्कलाइन होतं, रोज प्या, सगळ्या प्रकारच्या कॅन्सरवर चालतं, फक्त खराब पेशी मारतं, चांगल्या पेशींना अजिबात धक्का लावत नाही. शिवाय ब्लड प्रेशर, रक्ताच्या गाठी, रक्ताभिसरण, सगळं आटोक्यात.

यातला एकेक शब्द बघा. "सगळ्या प्रकारच्या": कॅन्सर हा एक आजार नाही, वेगवेगळ्या कॅन्सरना वेगवेगळे उपचार लागतात, इमॅटिनिबसारखं खरं औषधसुद्धा ठरावीक प्रकारांतच चालतं. "अल्कलाइन": रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा किती अल्कलाइन याचं माप, ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान असतो आणि तो फुप्फुसं आणि किडन्या सांभाळतात, कपभर पाण्याने तो हलत नाही. आणि यादीतले आजार जितके जास्त तितका दावा कमजोर, हे उलटं वाटतं पण तसंच आहे.

पण शब्दांपेक्षा मोठी खूण म्हणजे काय *नाही* ते. डॉक्टरने सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीत तीन गोष्टी येतातच: किती, किती दिवस, आणि कोणी घेऊ नये. साध्या नारळपाण्यातही पोटॅशियम बरंच असतं, म्हणून किडनीच्या पेशंटला डॉक्टर ते जपून घ्यायला सांगतात. फॉरवर्डमध्ये "हे कोणासाठीही चांगलं" असतं. "कोणी घेऊ नये" ही ओळ असलेला खोटा फॉरवर्ड शोधून बघा, क्वचितच मिळेल.

फळ बदलून बघायची युक्ती. हा टप्पा मला सगळ्यात आवडतो. मेसेजमधला मुख्य पदार्थ काढा, तिथे दुसरा टाका आणि वाक्य तसंच उभं राहतं का बघा. नारळाच्या जागी लिंबू घाला: गरम पाण्यात लिंबाचे पातळ काप टाका, पाणी अल्कलाइन होतं, सगळ्या कॅन्सरवर चालतं, फक्त खराब पेशी मारतं. उभं राहिलं की! राहणारच, कारण गरम लिंबाचा मेसेजही खरोखर फिरलाय आणि गरम अननसाचाही, जवळजवळ त्याच वाक्यांत. साडी तीच, नेसणारी बदलते. खऱ्या माहितीत असं होत नाही. डायबेटिसच्या गोळीच्या सूचनेत गोळीचं नाव बदलून बघा, डोस चुकेल, वेळ चुकेल, सगळंच विस्कटेल.

> सावधान, हे थांबून वाचा: "दवाखान्यात नेण्याआधी" किंवा "डॉक्टर येईपर्यंत" हे शब्द दिसले तर तो मेसेज नुसता चुकीचा नाही, धोकादायक असू शकतो. लकवा आला तर बोटांना सुई टोचून रक्त काढा, आणि एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, हे दोन्ही मेसेज अजून फिरतात. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तिथे सुई शोधण्यात गेलेला वेळ परत येत नाही. महाराष्ट्रात अँब्युलन्ससाठी १०८ लावा.

## टप्पा ५: पैशाच्या मेसेजात खऱ्या बातमीचं बी शोधा

आरोग्याची थाप बहुतेक वेळा हवेतून येते, पण पैशाच्या थापेत पुष्कळदा एक खरा तुकडा असतो आणि म्हणून शिकलेली माणसंही त्यात सापडतात. ५०० च्या नोटेचा मेसेज घ्या. त्याचा आशय असा होता की रिझर्व्ह बँकेने बँकांना ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत एटीएममधून ५०० च्या नोटा बंद करायला सांगितलंय, आधी ७५ टक्के एटीएम, मग ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के, पुढे फक्त १०० आणि २०० च्याच मिळणार, तेव्हा जवळच्या ५०० च्या नोटा आत्तापासूनच संपवायला लागा.

इथे तारीख आहे, टक्के आहेत, म्हणजे टप्पा ३ मधून हा मेसेज सहज सुटतो. म्हणून इथे वाक्य फोडायचं: आकडे एका बाजूला, क्रियापदं दुसऱ्या बाजूला.

आकडे: ७५ टक्के, ९० टक्के, ३० सप्टेंबर, ३१ मार्च. हे चारही खरे आहेत, रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकातलेच.

क्रियापदं: "बंद करा", "फक्त मिळतील", "संपवा". यातलं एकही परिपत्रकात नाही. तिथे म्हटलंय ते एवढंच की त्या तारखांपर्यंत तेवढ्या एटीएममध्ये निदान एका कॅसेटमधून, म्हणजे मशीनमधल्या नोटांच्या कप्प्यातून, १०० किंवा २०० च्या नोटा निघाल्या पाहिजेत. म्हणजे सुट्ट्यासाठी लोकांची ओढाताण होऊ नये म्हणून लहान नोटा *वाढवायला* सांगितलं, आणि मेसेजने त्याचं मोठ्या नोटा *बंद* करून टाकलं. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने हा दावा खोटा असल्याचं सांगितलं.

बहुतेक लोक आकडे तपासतात, ते जुळले की समाधान. थाप मात्र क्रियापदात असते. बंद, रद्द, जप्त, कापणार, मिळणार, परत करावे लागणार, असे शब्द दिसले की नेमका तोच शब्द मूळ कागदात आहे का हे बघा, बाकी सोडा.

दुसरं म्हणजे शेवटची ओळ. "आत्तापासूनच संपवायला लागा" हा सल्ला कोण देतंय? सरकारी कागद नियम सांगतो, तो तुमच्या कपाटातल्या नोटांची चिंता करत नाही. नियम आणि सल्ला एकाच दमात आले की तो सल्ला मधल्या कोणीतरी चिकटवलाय असं धरून चाला. १० रुपयांच्या नाण्याचंही असंच झालं: रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की १४ वेगवेगळ्या डिझाइनची सगळी नाणी चालतात, तरी "अमुक रेघांचं नाणं खोटं" म्हणत दुकानदार ती नाकारत राहिले.

## टप्पा ६: लिंक असेल तर शब्द सोडा, पत्ता वाचा

"लाडकी बहीणची केवायसी इथे करा", "फुकट रिचार्ज, शेवटचे काही तास", "मलाही मिळाले, तुम्हीही घ्या". यात दोन खुणा पुरतात.

एक, बक्षीस मिळायच्या आधी ते पाच ग्रुपवर शेअर करायला सांगतात. कुठलीही सरकारी योजना अशी अट घालत नाही, म्हणून इथे पुढचं काही तपासायचीही गरज नाही.

दोन, पत्ता. `https://` नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा. महाराष्ट्र सरकारचा पत्ता असेल तर तिथे शेवटी बहुतेक वेळा `maharashtra.gov.in` असतं, लाडकी बहीणचा `ladakibahin.maharashtra.gov.in` आहे तसा. `maharashtra.gov.in` मध्येच कुठेतरी आहे आणि त्यानंतर आणखी टिंब देऊन काहीतरी चिकटलंय, किंवा टिंबांच्या जागी आडव्या रेघा आहेत, तर तो सरकारी पत्ता नाही.

> सावधान: लिंक खरी आहे का हे "उघडून बघू" म्हणून तपासू नका. लिंकवर बोट दाबून धरा, कॉपी करा, आणि स्वतःच्या चॅटमध्ये पेस्ट करून नुसती वाचा. `.apk` ने संपणारी फाइल, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो नाहीतर गाडीच्या दंडाची पावती म्हणून, इन्स्टॉल करायची नाही.

## टप्पा ७: आता सर्च करा, आधी नाही

इथवर आलात की काय शोधायचं ते नेमकं ठाऊक असतं. "नारळ कॅन्सर" असं शोधलं तर नारळाचे गुण गाणारी शंभर पानं येतील. त्याऐवजी नाव अधिक दावा अधिक फॅक्ट चेक असं टाका:

```
टाटा मेमोरियल गरम नारळ पाणी कॅन्सर फॅक्ट चेक
```

मराठीत काही मिळालं नाही तर हिंदी आणि इंग्रजीतही टाकून बघा, कारण बरेचसे मेसेज मराठीत यायच्या आधी तिकडे फिरून आलेले असतात. न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो यांची मराठी पानं आहेत, केंद्र सरकारच्या योजनांबद्दल `@PIBFactCheck`, नोटा-नाण्यांबद्दल `rbi.org.in`.

आणि एक मर्यादा लक्षात ठेवा. शब्दांच्या खुणा संशय सांगतात, निकाल नाही. पाण्याचं पाइप फुटलंय म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीने घाईघाईत टाकलेल्या मेसेजातही "सगळ्यांना कळवा" असतं आणि तो खरा असतो. उलट ५०० च्या नोटेसारखा शांत, आकडेवारीवाला, शुद्धलेखन बरोबर असलेला मेसेज खोटा निघतो. शुद्धलेखनावरून तर ठरवूच नका, आपल्या आत्याचा खरा मेसेजही अशुद्ध असतो.

## टप्पा ८: ग्रुपवर कसं सांगायचं

सगळ्यांसमोर "काका, काहीही काय पाठवता" केलंत की काका पुढच्या वेळी दुसऱ्या ग्रुपवर पाठवतील एवढंच होईल. आधी काकांना पर्सनलवर सांगा, आणि दावा पुन्हा लिहून काढू नका, नाहीतर तुमचा मेसेज वाचणाऱ्याच्या डोक्यात परत नारळच राहतो. थोडक्यात असं:

"काका, तो टाटा हॉस्पिटलच्या नावाचा मेसेज त्यांनी स्वतःच २०१९ मध्ये खोटा म्हणून सांगितलाय. लिंक पाठवतोय. तुम्हीच ग्रुपवर टाका ना, तुमचं सगळे ऐकतात."

निम्म्या वेळा काका खरंच टाकतात. नाहीच टाकलं तर ग्रुप अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण हे सुई टोचण्याच्या किंवा लिंकच्या मेसेजसाठी राखून ठेवा, दर नारळाला केलंत तर घरात भांडण होईल.

डिलीट करण्याआधी मात्र एक विचारा: "कोणी या लिंकवर माहिती भरली का?" लोक लाजेने सांगत नाहीत, म्हणून हे ग्रुपवर न विचारता, ज्यांनी त्या मेसेजला अंगठा दिला होता त्यांना एकेकाला फोन करा. ओटीपी दिला असेल किंवा पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर १९३० लावायचा आणि बँकेला कळवायचं, मग सावकाश `cybercrime.gov.in` वर तक्रार भरायची. आधी १९३०, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात.